मी काय भिंतीशी बोलतेय?

ताई, माझी बायको मराठी आणि मी हिंदी भाषिक. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात आम्ही हिंदीतच बोलतो. पुढच्या आठवड्यात तिचा चाळिसावा वाढदिवस आहे. या वेळी तिच्या भाषेत गमतीदार शुभेच्छा द्यायच्या ठरवल्यात. मराठी मला बऱ्यापैकी येतं, कारण ती चिडली की मराठीत बोलते, 'मी काय भिंतीशी बोलतेय?', 'राहू दे, मीच करते' वगैरे. मी लिहिलेला मजकूर असा:

'माझ्या प्रिय बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा! चाळीस वर्षांची झालीस, आता तरी सुधर. चाव्या कुठे ठेवतेस ते तुला कधी आठवत नाही. किती वेळा सांगितलं, पण तू ऐकत नाहीस. बोलायला लागलीस की थांबत नाहीस. केस पांढरे झाले, पण अक्कल आली नाही. तरी आम्ही दोघं असेच भांडत म्हातारे होऊ.'

तिच्या भावाने वाचून दिलं, एकही चूक नाही म्हणाला. तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकणार आहे. पण वाचताना मला स्वतःलाच हसू येत नाही. काय कमी पडतंय?

—

तुमच्या मजकुराआधी मी तुमचं एक वाक्य तीनदा वाचलं. 'ती चिडली की मराठीत बोलते.' तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात, आणि तुमचं सगळं दुखणं तिथेच आहे.

नऊ वर्षांत तुमच्या कानावर पडलेलं मराठी हे रागाचं मराठी आहे. लाडाचं, कंटाळ्याचं, आजारपणातलं, झोपेत बडबडलेलं मराठी तुम्हाला फारसं मिळालेलं दिसत नाही. मग लिहायला बसल्यावर हाताशी आलं काय? 'आता तरी', 'किती वेळा सांगितलं', 'ऐकत नाहीस'. आमच्या भाषेत ही दटावण्याची वाक्यं आहेत, अगदी ठरलेली. 'आता तरी' म्हटलं की आजवरची सगळी वर्षं वाया गेली, असा त्याचा अर्थ होतो. 'किती वेळा सांगितलं' हे मराठी माणूस लहानपणापासून चूक झाल्यावरच ऐकतो. तुमचा हेतू गमतीचा होता, हे मला मान्य आहे. पण तिने वैतागून तुम्हाला दिलेली वाक्यं तुम्ही वाढदिवसाच्या दिवशी तिलाच परत करताय. हसू येणार कसं?

भावाने चूक नाही म्हटलं ते बरोबरच आहे. त्याला तुम्ही व्याकरण विचारलंत. ही थट्टा आहे की टोमणा, हे विचारलं नाहीत. थट्टेत ऐकणाऱ्याला उलट काही म्हणायला जागा असते, टोमण्यात ती नसते. चाव्यांच्या वाक्यावर ती म्हणू शकते, 'आणि तुझा चष्मा कोण शोधून देतं?' पांढऱ्या केसांवर आणि अक्कल नसण्यावर तिने काय म्हणावं? ते वाक्य खोडा. विचारही करू नका.

'बोलायला लागलीस की थांबत नाहीस' हेही खोडा, आणि इथे मी जरा रागावूनच सांगते आहे. ही बाई नऊ वर्षं घरात तुमच्या भाषेत बोलते आहे. हसणं, हिशेब, पाहुण्यांचं स्वागत, तुमच्या आईशी फोन, सगळं हिंदीत. पार सहन होईनासं झालं की तेवढ्यापुरती आपल्या भाषेत येते. आणि तिच्या भाषेत तिला तुम्ही पहिल्यांदा काही लिहिताय, तेव्हा म्हणताय की ती जास्त बोलते.

चाव्या मात्र राहू द्या, एका अटीवर. हरवलेल्या चाव्यांचा किस्सा ती स्वतः हसत हसत दुसऱ्यांना सांगते का, ते आठवा. माणूस आपली जी खोड स्वतः चारचौघांत सांगतो, तिच्यावर जवळच्याने केलेली थट्टा सहसा बोचत नाही. जी खोड तो लपवतो, तिला हात लावायचा नसतो. ती सांगत नसेल, तर चाव्याही काढा.

आता करायचं काय, ते सांगते, आणि हे एवढंच करा. तिच्या रागाच्या वाक्यांचंच शुभेच्छापत्र करा, पण त्यांतला आरोपी तुम्हीच राहा. 'मी काय भिंतीशी बोलतेय?' हे वाक्य तिने कितीदा तरी उच्चारलंय, आणि त्याला उत्तर आलेलं नाही. तुम्ही भिंत व्हा आणि उत्तर द्या. आपलं वाक्य, आपल्याच शब्दांत, नवऱ्याच्या हातून लिहिलेलं दिसलं की तिला तिचा आवाज ऐकू येईल. तिला आधी हसू येईल, आणि लगेच कळेल की हा सगळं ऐकत होता. चिडवणंही झालं, कारण तिच्या चिडण्याचीच नक्कल आहे. आणि ते बोचणार नाही, कारण प्रत्येक वाक्यात चूक तुमची आहे.

वाक्यं मात्र खरी हवीत, शब्दाला शब्द. दोन तुम्ही मला दिलीत. आज शांत बसून आणखी एखादं आठवा. आठवलं नाही तर दोनच पुरेत, रचून घालू नका. स्वतः न बोललेलं वाक्य तिला लगेच ओळखू येईल.

तुमच्या मजकुरात दोन बारीक शब्द नाहीत, तेही घाला. पहिला 'गं'. 'किती शोधतेस' आणि 'किती शोधतेस गं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात तक्रार करणारा शेजारी येऊन बसलेला आहे. तुमच्या अख्ख्या मजकुरात एकही 'गं' नाही. ती तुमच्यावर ओरडताना 'रे' म्हणते का, ते एकदा लक्ष देऊन ऐका. 'ऐक ना रे' मधला 'रे' आहे तोवर काळजी नाही. तो गळला की ती खरंच चिडली असं समजा.

दुसरा शब्द 'म्हणे'. कुणीतरी सांगितलं, मी स्वतः पाहिलेलं नाही, असं सुचवायला आम्ही तो वाक्याच्या शेवटी जोडतो. 'चाळीस वर्षांची झालीस' ही बातमी झाली, आणि बायकोला तिच्या वयाची बातमी द्यायची गरज नसते. 'चाळीस वर्षांची झालीस म्हणे' ही अफवा झाली, आणि त्या अफवेवर तुमचा विश्वास नाही, हे न सांगता कळतं. वयावरून चिडवायचं असेल तर मराठीत याहून मऊ वाट मला माहीत नाही.

आणि 'आम्ही दोघं'. इथे मी थबकले. तुमच्या हिंदीत एकच 'हम' असतं, आमच्याकडे दोन आहेत. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं, समोरचा सोडून. 'आपण' म्हणजे तुझ्यासकट. मला लिहिताना 'घरात आम्ही हिंदीत बोलतो' म्हणालात ते बरोबर, कारण तुमच्या घरात मी नाही. पण तिला 'आम्ही दोघं म्हातारे होऊ' असं लिहिलंत तर ती विचारेल, दुसरं कोण? वाक्य व्याकरणात बसतं, म्हणून भावाच्या नजरेतून सुटलं असेल. तिच्या नजरेतून सुटणार नाही. तिथे 'आपण' हवं.

तुमचीच सामग्री घेऊन मी असं लिहिलं असतं:

'अगं,
तू आज चाळीस वर्षांची झालीस म्हणे. मला खरं वाटत नाही, पण तुझा भाऊ शपथेवर सांगतोय.
मला येतं तेवढं मराठी तूच शिकवलंस, तेही चिडलेली असताना. त्यामुळे मला दोनच वाक्यं नीट येतात. एक, "मी काय भिंतीशी बोलतेय?" दुसरं, "राहू दे, मीच करते." एवढ्यात शुभेच्छा कशा द्यायच्या ते शिकवायचं राहिलं, तरी प्रयत्न करतो.
पहिल्याचं उत्तर नऊ वर्षं द्यायचं राहिलं होतं. हो, भिंतीशीच बोलत होतीस. पण भिंतीला कान असतात गं, सगळं ऐकलंय.
दुसरं वाक्य आज दिवसभर माझं. काहीही काम निघू दे, "राहू दे, मीच करतो."
फक्त चाव्या तू शोध. शोधताना स्वतःशी जे पुटपुटतेस ना, ते मराठी मला सगळ्यात जास्त आवडतं.
आपण असेच भांडत म्हातारे होऊ.
तुझी भिंत'

चाव्या शोधताना ती कुठल्या भाषेत पुटपुटते, हे मी अंदाजाने लिहिलंय. खात्री करून घ्या. माणूस कितीही भाषा शिकला तरी स्वतःशी पुटपुटताना आणि मनात आकडे मोजताना बहुतेकदा आपल्या भाषेत जातो. तिचंही तसंच असेल, तर नऊ वर्षांत तुम्ही न ऐकलेलं दुसरं मराठी तुमच्या घरातच आहे, चाव्यांच्या आसपास.

माझा मजकूर जसाच्या तसा उतरवू नका. माझं मराठी तिला ओळखू येईल, आणि पुन्हा भावासारखंच कुणाकडून तरी तपासून घेतलंय असं वाटेल. सांगाडा घ्या, वाक्यं तुमच्या तोंडची करा. 'चिडलेली असताना' ऐवजी तुमच्याकडून 'चिडून चिडून' आलं तर तसंच ठेवा. या वेळी कुणालाही तपासायला देऊ नका.

ग्रुपवर टाकू नका. माहेरच्या माणसांसमोर तिला पहिल्या क्षणाला खोटं हसावं लागेल, आणि तुम्हाला खरं काय झालं ते कधीच कळणार नाही. फक्त तिला द्या, शक्यतो कागदावर, तुमच्या अक्षरात. मग बघा. 'छान लिहिलंयस' म्हणून कागद बाजूला ठेवला, तर कुठेतरी बोचलंय. कुठे ते त्याच दिवशी विचारा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. तिने तुमचं एखादं वाक्य मोठ्याने वाचलं, किंवा स्वतःच बहिणीला पाठवलं, तर जमलं. पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला बसली, तर अगदीच जमलं. बसू द्या, मध्ये बोलू नका.

आणि दुरुस्त करता करता तिने मराठीत काही विचारलं, तर उत्तर हिंदीत देऊ नका.