फुटक्या काचेला कथेत काम द्या

तुमची कथा वाचली. एसटी चालकाची मुलगी फुटक्या मोबाईलवर क्विझ जिंकते. पण फोन नवा असता तरी ती जिंकलीच असती, म्हणजे काच नुसती गरिबी दाखवायला आली आहे.

काच फुटली की बहुतेकदा सगळा फोन बंद पडत नाही. एखाद्या पट्ट्यातला टच मरतो. समजा, तो पट्टा नेमका चौथ्या पर्यायावर आहे. पहिल्या फेरीत तिला उत्तर येतं, ती दाबत राहते आणि दहा सेकंद संपतात. मग तिच्या लक्षात येतं की फोन आडवा केला तर पट्टा काचेवर तिथेच राहतो, पर्याय मात्र हलतात. अ‍ॅप आडवं होतच नसेल, तर स्प्लिट स्क्रीन करून ते वरच्या अर्ध्या भागात घ्यायचं. एवढं वाचकाला आधीच दाखवा, शेवटी युक्ती आयती वाटणार नाही.

वडिलांचंही तसंच. ‘कष्टाळू बाबा’ काढून टाका (हे शब्द मी प्रत्येक दुसऱ्या कथेत वाचतो). ते मुक्कामी गाडीवर असतात, सकाळी परततात आणि जेवताना घाटांबद्दल बोलतात. शेवटचा प्रश्न तिथून येऊ द्या: थळ घाट कुठल्या दोन शहरांच्या वाटेवर? नुसती पुस्तकं वाचलेली काही मुलं अडतील. तिच्या घरी त्याला कसारा घाट म्हणतात, म्हणून तीही क्षणभर अडेल. मुंबई–नाशिक हा पर्याय चौथा ठेवा.

बक्षीस पाचशेचा रिचार्ज पुरे. लाखाची रक्कम लिहिलीत तर स्पर्धा छोटी राहत नाही.