‘तर’ आणि ‘तरच’ वेगळे वाचा

सुरुवातीला एवढंच करा: नियमात ‘तर’ आहे की ‘तरच’, हे बघा. ‘पास झालास तर सायकल’ म्हणजे पास होणं पुरेसं. नापास झाल्यावरही बाबांनी सायकल आणली, तर वचन मोडलं नाही! ‘पास झालास तरच’ म्हणजे पास होणं आवश्यक; पण तेवढ्यावर सायकल मिळेलच असं नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे आवश्यक अटीलाच पुरेशी समजणं. दादरच्या अभ्यासिकेत रोज ऐकतो, “पदवी आहे ना, मग राज्यसेवेला पात्र.” नाही. वयोमर्यादा ओलांडलेला पदवीधर डोळ्यांसमोर आणा: पदवी आहे, पात्रता नाही. असा एक माणूस सापडला की अट पुरेशी नाही हे सिद्ध.

आवश्यक आहे का, हे उलट तपासा: अट नसतानाही कुणी आत जातो का? पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पूर्वपरीक्षेला बसू शकतो. मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत मात्र पदवी हातात हवी. म्हणून ‘आवश्यक’ म्हणताना ‘कशासाठी?’ हे विचाराच. एकच अट एका टप्प्याला लागते, दुसऱ्याला नाही.

‘किंवा’, ‘शिवाय’वाले नियम नंतर बघू.