कस्टम्सच्या नोटिशीतला ‘टॅरिफ’ म्हणजे काय?

प्रश्न: नोटिशीत एकदा टॅरिफ म्हणतात, एकदा ड्युटी. दोन्ही एकच ना?

उत्तर: बातम्यांत एकच, कस्टम्सच्या कागदावर नाही. टॅरिफ ही दरसूची: 1975च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याला जोडलेला तक्ता, ज्यात प्रत्येक मालाला आठ आकडी क्रमांक आणि त्यापुढे दर असतो. ड्युटी म्हणजे तुमच्या मालावर प्रत्यक्ष भरायचे पैसे.

चहा घ्या. त्याचा आठ आकडी क्रमांक 0902 ने सुरू होतो, सूचीतला दर 100 टक्के. एक लाखाचा चहा आणला तर मूळ ड्युटी एक लाख. पण श्रीलंकेचा चहा भारत-श्रीलंका व्यापार करारातल्या कोट्यात, मूळ देशाच्या प्रमाणपत्रासह आला, तर सवलतीच्या अधिसूचनेने दर 7.5 टक्के, म्हणजे 7,500 रुपये. टॅरिफ तोच, ड्युटी वेगळी. (अधिभार आणि जीएसटी वर वेगळे.) म्हणून नुसती सूची पाहून हिशेब करू नका, सवलतीची अधिसूचनाही पाहा.

नोटिशीत ‘टॅरिफ व्हॅल्यू’ असेल तर तो दर नव्हेच. पामतेल, सुपारी, सोने अशा काही मालांसाठी सरकारने ठरवलेली ती किंमत. बिलात काहीही असो, ड्युटी तिच्यावर मोजतात. घोळ होतो तो बहुतेक इथेच.