संध्याकाळचा वडा आणि कढईतलं तेल

बाळा,
अनेक आशीर्वाद. दादर स्टेशनबाहेर उभ्या उभ्या दोन वडापाव खायचे आणि ठाणं येईपर्यंत छातीत जळजळ, मग पोटात मुरडा. आईच्या हातच्या भज्यांनी मात्र एवढा त्रास होत नाही, असं तू म्हणालास. हा फरक महत्त्वाचा आहे.

कोणताही तळलेला पदार्थ जठरात रेंगाळतो. त्यातून स्निग्ध पदार्थांमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि आम्ल वर येतं. त्यात तू पोटभर खाऊन घरी गेल्यावर लगेच आडवा होतोस. आता कढईचं बघ. मी वीस वर्षं लालबागला खाण्याचं दुकान चालवलं. सुरुवातीला मीही सकाळच्या काळ्या तेलातच नवं ओतायचो. वाटायचं, पातळ झालं की सुधारलं. सुधारत नाही, जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. बिघडलेलं तेल दाट होतं, पदार्थाला चिकटून राहतं, म्हणजे त्याच वड्यातून पोटात जास्त तेल जातं. तळताना तेल बिघडून त्यात बनणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे गेले तर ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नियम १ जुलै २०१८पासून आहे. ते मोजायला यंत्र लागतं. तुझ्याकडे डोळे आणि नाक आहे.

गाडीजवळ जरा थांब. वडा सोडल्यावर मोठे बुडबुडे उठून लगेच विरले तर ठीक. साबणासारखा बारीक फेस कढईभर पसरून टिकला, वडा नसतानाही धूर येत असला, किंवा खाल्ल्यावर जिभेवर खवट चिकटपणा राहिला, तर पुन्हा तिथे जाऊ नकोस. नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नको. जळलेल्या बेसनाच्या चुऱ्यानेही तेल काळपट होतं.

वडा सोडायचा नसेल तर घरी आप्पेपात्रात कर. सारण तेच, बेसन जरा घट्ट भिजव, सोडा घालू नको, सोड्याने आवरण जाळीदार होऊन तेल पितं. सात खळ्यांना प्रत्येकी पाव चमचा, म्हणजे सगळे मिळून दोन चमच्यांच्या आत तेल. मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजू भाज. कुरकुरीतपणा कमी येतो, ते मान्य. तळायचंच असेल तर आधी पिठाचा थेंब टाकून बघ: तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, आणि थंड तेलात वडा तेल पितो. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपव.

बाहेर खाशील तेव्हा एकच वडा, तळलेल्या मिरच्या नकोत. जेवणात दही-भात किंवा मुगाची खिचडी पुरे, आणि झोपायच्या आधी तीन तास मोकळे ठेव.

एक मात्र टाळू नको. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत किंवा खांद्यात गेली, तर ती ॲसिडिटी समजून गोळ्या चघळू नको. पित्ताशयात खडे असू शकतात. डॉक्टरांना दाखव, सोनोग्राफी करून घे. ताप किंवा कावीळ सोबत असेल तर त्याच दिवशी.

पुढच्या आठवड्यात ये. आप्पेपात्र माझ्याकडे आहे, बटाटे तू आण.

तुझा काका