‘मी’ की ‘माय’?

सस्नेह नमस्कार,

ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये तू ‘डू यू माइंड मी आस्किंग’ लिहिलंस आणि कुणीतरी ‘मी’ खोडून ‘माय’ केलं. दोन्ही बरोबर आहेत. ‘माय’ जरा औपचारिक वाटतं, बोलताना मात्र बहुतेक जण ‘मी’च म्हणतात. चुकीचं आहे ते ‘माइंड आय आस्किंग’.

‘माय’चा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं असं, की इथे ‘आस्किंग’ हे नाम आहे आणि नामाआधी षष्ठी हवी, जसं ‘माझं विचारणं’. इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे ब्रिटिश कोशकार हेन्री फाउलर यांनी ‘मी आस्किंग’सारख्या रचनेवर कडाडून टीका केली. १९२६ साली डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी त्यांना उत्तर दिलं, की ही रचना इंग्रजीत रुजलेली आहे. माझ्या मते येस्पर्सन बरोबर होते. आपणही ‘त्याच्या येण्याआधी’ म्हणतो आणि ‘तो येण्याआधी’ही म्हणतो. ‘पावसाच्या येण्याआधी’ असं तर क्वचितच कुणी म्हणेल.

इंग्रजीतही षष्ठी सगळीकडे बसत नाही. ‘कोपऱ्यात बसलेल्या माणसाने सिगारेट ओढली तर चालेल का?’ हे इंग्रजीत लिहायचं, तर ‘माइंड द मॅन इन द कॉर्नर स्मोकिंग’ एवढंच नीट वाटतं. ‘कॉर्नर’ला षष्ठीचा एस लावून बघ, वाक्य लगेच अडखळतं. उलट, हीच रचना वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून आली, तर लेखी इंग्रजीत षष्ठीच शोभते: ‘हिज लीव्हिंग सरप्राइज्ड अस’. तिथे ‘हिम’ खटकतं. ‘हर’ असलं की वादच मिटतो, कारण दोन्ही रूपं सारखीच.

‘सी’, ‘हिअर’ या क्रियापदांनंतर मात्र ‘हिम’च घे. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’मध्ये तुला दिसला तो माणूस, रस्ता ओलांडताना. ‘माइंड’चं तसं नाही. हरकत विचारण्याला असते, माणसाला नसते, म्हणून तिथे षष्ठीला अर्थ उरतो.

खरा घोटाळा या वादाला कंटाळून ते सर्वनामच गाळलं की होतो. ‘डू यू माइंड आस्किंग व्हाय द पेमेंट इज लेट?’ याचा अर्थ ‘पैसे का अडकलेत ते तुम्ही जरा विचाराल का?’ असा होतो. ग्राहकाला वाटेल, काम त्याच्याच गळ्यात घातलं. ‘माइंड टू आस्क’ही लिहू नकोस, ‘माइंड’पुढे ‘टू’ लागत नाही.

तुझ्या मेलपुरतं मी ‘डू यू माइंड इफ आय आस्क’ लिहिलं असतं. इथे ‘आय’च लागतं, कारण ‘इफ’नंतर पूर्ण वाक्य येतं. ‘नॉट अॅट ऑल’ असं उत्तर आलं तर खुशाल विचार. तो नकार हरकतीला आहे, तुझ्या प्रश्नाला नाही.