‘दसऱ्याला आलात, आता सोमवारी सुट्टी घेतली, हिशोब मिटला’ असं मालक म्हणतात

प्रश्न : वकीलसाहेब, मी सोलापुरात एका मोठ्या कापड दुकानात सहा वर्षांपासून कॅश काउंटरवर आहे. आम्ही ३२ जण कामाला आहोत. माझा पगार १८,२०० रुपये, साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. २०२५ साली १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला आम्हाला बोलावलं. १ मेला ३०० रुपये आणि पेढे दिले. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर अकरा वाजता दुकान उघडलं. २ ऑक्टोबरला दसराही होता, त्या गर्दीसाठी ३० सप्टेंबरचा मंगळवारही रद्द केला. मग ६ तारखेला एक दिवस सुट्टी दिली आणि सगळं त्यात आलं असं सांगितलं. जास्त पैसे मागितले तर म्हणतात, ‘आता कायद्यानं दुकान ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, आणि तुझ्या कार्डावर इन्चार्ज लिहिलंय, तुला हे लागू नाही.’ स्वखुशीने आलो अशी सहीही घेतली आहे. मला काही मिळू शकतं का? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

उत्तर :

ताई, मालकांचं एक वाक्य खरं आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षभर रोज उघडं ठेवायची मुभा दिली. पूर्वी दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे, ते बंधन गेलं. पण ही मुभा शटरला आहे, शटरच्या आत काम करणाऱ्या माणसाला नाही. दुकान रोज उघडं राहो, प्रत्येक कामगाराला आठवड्याला पगारी सुट्टी आणि वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्याच लागतात. त्या दिवशी दुकान चालवायचं तर आळीपाळीने माणसं बोलवायची किंवा कायद्यात ठरलेली किंमत मोजायची.

किती माणसं आहेत हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण पहिला अडसर तोच असतो. हा कायदा सुरुवातीला दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीने ती संख्या वीसवर गेली. तुम्ही ३२ आहात, म्हणजे दोन्ही हिशोबांनी आत. तुमची बहीण किंवा जाऊबाई यंत्रमागाच्या कारखान्यात असेल तर मात्र हे उत्तर तिला जसंच्या तसं लावू नका. कारखान्याला हा कायदा लागत नाही, तिथे सणाच्या सुट्ट्या करार, प्रथा आणि स्थायी आदेशांवर चालतात.

आता मुद्द्याचं. कायद्याच्या कलम १८ मध्ये आठ सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. आणखी चार स्थानिक परंपरेप्रमाणे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. या आठांपैकी कोणत्याही दिवशी कामावर ठेवलं, तर रोजच्या वेतनाच्या दुप्पट पैसे आणि त्याशिवाय बदली म्हणून दुसऱ्या कोणत्या तरी दिवशी सुट्टी, असं तिथे म्हटलं आहे. सगळं भांडण या ‘आणि’वर आहे. मालक लोक तिथे ‘किंवा’ वाचतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी आठांना एक तर सुट्टी मिळालेली असते किंवा पैसे, दोन्ही मिळालेलं माणूस क्वचित दिसतं.

तुमच्या तीन तारखा एकेक करून पाहू.

१ मेला ३०० रुपये मिळाले. ते तुमच्या येणे रकमेतून वजा होतील, मी उगाच नाकारायला सांगणार नाही. पेढे मात्र वेतन नव्हेत. १५ ऑगस्टला तुम्ही अकरा वाजता कामाला लागलात म्हणून ती अर्धी सुट्टी होत नाही. कायदा त्या दिवशी कामावर ठेवण्याबद्दल बोलतो, अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस असा फरक त्यात नाही. आणि झेंडावंदनाला हजर राहायला लावणं म्हणजे सुट्टी देणं, हा समज आपल्याकडे शाळेपासून चालत आलाय, त्यावर काय बोलायचं!

२ ऑक्टोबर सगळ्यात गुंतागुंतीचा. त्या एका दिवशी गांधी जयंती होती आणि दसराही. तुमच्या दुकानाच्या चार सणांच्या यादीत दसरा असेल, तर मालक म्हणतील की दोन सुट्ट्या एकाच दिवशी संपल्या. माझं मत वेगळं आहे. कायदा चार ठरलेल्या तारखा सांगून मग ‘इतर चार’ म्हणतो. २ ऑक्टोबरला येणारा सण ‘इतर’ होऊ शकत नाही, नाहीतर आठाच्या सातच उरतात. याबद्दल कायद्यात वेगळं वाक्य नाही, हा शब्दांवरून केलेला युक्तिवाद आहे आणि समोरचा वकील भांडेल हे धरून चाला. पण एकाच दिवसाच्या कामाचे चौपट पैसे मात्र मागू नका. सुट्टीची नावं दोन असली तरी तुम्ही एकच दिवस काउंटरवर बसलात.

६ ऑक्टोबरचा सोमवार कुठे धरायचा? ३० सप्टेंबरला तुमची साप्ताहिक सुट्टी हिरावली, आणि अशा सुट्टीची बदली दोन महिन्यांत द्यावी लागते. म्हणून ६ तारखेची सुट्टी त्या मंगळवारच्या खात्यात गेली. २ ऑक्टोबरची बदली सुट्टी अजून बाकीच आहे. हंगामात मालकांची ही नेहमीची युक्ती असते : दोन देणी, एक सुट्टी, आणि दोन्हीकडे तीच दाखवायची.

पैशाचा हिशोब असा. तुमच्या १८,२०० रुपयांचं रोजचं वेतन २६ ने भागलं तर ७०० येतं, ३० ने भागलं तर ६०७ च्या आसपास. मालक ३० च्या बाजूने बोलतील. त्यांना एवढंच विचारा : मी विनापगारी एक दिवस गैरहजर राहिले तेव्हा तुम्ही किती कापलेत? जुन्या पगारपत्रकात ७०० कापलेले असतील, तर द्यायच्या वेळी ६०७ म्हणायला जागा उरत नाही. हे पत्रक आजच शोधून ठेवा.

दुप्पट म्हणजे किती, यावरही मतभेद आहेत. महिन्याचा पगार मिळालाय, त्यावर आणखी दुप्पट, म्हणजे एकूण तिप्पट, असं काही जण मागतात. मला ते शब्दांत बसत नाही. पगारी सुट्टी दुसऱ्या दिवशी सरकली, आणि कामाच्या दिवसाचे दुप्पट पैसे द्यायचे. त्यातला एक हिस्सा महिन्याच्या पगारात आलेलाच आहे. म्हणून प्रत्येक दिवसाचे आणखी ७०० रुपये. तीन दिवसांचे २,१००, त्यातून ३०० वजा, उरले १,८००. आणि १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा तीन दिवसांच्या बदली पगारी सुट्ट्या. भागाकार ३० चा धरला तरी १,५०० पेक्षा थोडे जास्त येतात. फुगवलेला आकडा लिहिला की मालकाला तेवढंच धरून बसायला कारण मिळतं, म्हणून मी कमी पण पक्का आकडा लिहायला सांगतो.

कार्डावरच्या ‘इन्चार्ज’बद्दल. व्यवस्थापकीय, गोपनीय किंवा पर्यवेक्षकी पदावरच्या माणसाला या तरतुदी लागू नाहीत, हे खरं. पण कार्डावर काय छापलंय यावरून पद ठरत नाही, दिवसभर तुम्ही करता काय यावरून ठरतं. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता? कुणाला मेमो देता? कामावर घ्यायचं की काढायचं ते ठरवता? की बिलं मारता, पैसे मोजता आणि रात्री गल्ला जुळवून देता? दुसरं असेल तर तुम्ही कारकुनी काम करणाऱ्या कामगार आहात. सोलापुरात असे शेकडो ‘इन्चार्ज’ आहेत, ज्यांच्या हाताखाली फक्त स्टेपलर असतो.

त्या सहीने घाबरू नका. सुट्टीच्या दिवशी काम होणार हे कायद्यानेच गृहीत धरलंय, म्हणूनच तर दुप्पट वेतन सांगितलं. तुम्ही खुशीने आलात हे खरं धरलं तरी पैसे आणि बदली सुट्टी बुडत नाही. उलट त्या कागदावर तारीख असेल तर तुम्ही त्या दिवशी कामावर होतात याचा तो मालकाच्याच हातचा पुरावा ठरतो. त्याचा फोटो मिळाला तर घ्या. शिवाय तुमच्या काउंटरवरच्या बिलांवर तुमचा कोड आणि वेळ छापून येते, हजेरीच्या यंत्रात नोंद असते, व्हॉट्सअॅप गटावर ‘उद्या सगळ्यांनी वेळेवर यायचं’ असा संदेश पडलेला असतो. यंत्र बदललं की नोंदी गायब होतात, गटातून काढलं की संदेश हाती लागत नाहीत, म्हणून आधी हे जमवा आणि मगच तोंड उघडा.

मग एक साधा अर्ज द्या. त्यात ‘बेकायदेशीर’, ‘शोषण’ असले शब्द नकोत. एवढंच लिहा : ‘१ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मी कामावर होते. कलम १८ प्रमाणे देय असलेले १,८०० रुपये आणि तीन बदली सुट्ट्या द्याव्यात, ही विनंती.’ पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. एकटीने देण्यापेक्षा पाच-सहा जणांनी एकत्र दिलेला अर्ज बरा. बत्तीसातल्या एकीला काढणं सोपं, सहा जणांना दिवाळी-लग्नसराईत काढणं मालकालाही परवडत नाही. तुमच्या भीतीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच अर्ज आणि पोच घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या सोलापूर कार्यालयात जा. पूर्वीच्या दुकाने निरीक्षकाला आता सुविधाकार म्हणतात. ते दुकानाची हजेरी आणि वेतनाची नोंदवही मागवू शकतात. बरीचशी प्रकरणं त्या मागवण्यानंतरच मिटतात, कारण २ ऑक्टोबरला पूर्ण हजेरी आणि वेतनात काहीच वाढ नाही, हे एका पानावर दिसतं. वसुलीच्या दाव्याची मुदत जुन्या वेतन प्रदान कायद्यात बारा महिने होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षे आहे. तुमच्या तीनही तारखा त्याआधीच्या असल्याने तीन वर्षांच्या भरवशावर राहू नका. १ मेची रक्कम बारा महिने उलटण्याच्या आत लेखी मागा आणि दावाही त्याच मुदतीत दाखल करा.

अर्ज देतानाच २०२६ च्या चार सणांच्या यादीची प्रत मागा. भिंतीवर मालकाने एकट्याने लिहिलेली यादी म्हणजे तुमच्याशी झालेला करार नव्हे. गड्ड्याच्या यात्रेचा दिवस त्यात हवा असेल तर यादी ठरतानाच बोला, संक्रांत उजाडल्यावर नव्हे. आणि त्या यादीत बुद्धपौर्णिमा असेल तर आत्ताच हरकत घ्या. ती २०२६ मध्ये १ मेलाच येते.