दारू सुटली, तरी भीतीचे झटके का थांबत नाहीत?

प्रश्न: नवऱ्याने दारू सोडून सहा आठवडे झाले. तरी बसमध्ये अचानक छाती धडधडते, जीव जातोय असं वाटतं. दारू सुटली की हे आपोआप जाईल, असं सगळे म्हणाले होते. आता काय करायचं?

उत्तर: ताई, रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू तिच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू थांबली की ती उघडी पडते. घाम, थरथर, धडधड साधारण ६ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते आणि बहुतेकांमध्ये आठवड्याभरात ओसरते. उरलेली घालमेल कमी व्हायला साधारण चार आठवडे लागतात. त्यानंतरही, थेंबही न घेता झटके येत असतील, तर पॅनिकचा वेगळा आजार असण्याची शक्यता बरीच आहे. पिणं वाढण्याआधीही असे झटके यायचे का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या.

पिऊन बसमध्ये चढणारा माणूस ‘दारूमुळे निभावलं’ एवढंच शिकतो. दारू गेली, पण धडधडीची भीती तशीच राहिली. आता तो झटका आला की मधल्याच स्टॉपवर उतरत असेल, तर उतरल्यावर मिळणारा आराम त्याच भीतीला खतपाणी घालतो. सीबीटी या विचार आणि वागणं बदलणाऱ्या उपचारात नेमकं हे मोडतात. आधी थेरपिस्टसमोर मिनिटभर जागच्या जागी धावून मुद्दाम धडधड आणायची आणि तिने काही होत नाही हे अनुभवायचं. मग कमी गर्दीच्या वेळी एक स्टॉप, पुढे दोन, तीन. भीती चढली तरी ठरलेल्या स्टॉपआधी उतरायचं नाही.

औषध लागलं तर सर्ट्रालिनसारखी गोळी बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पहिले एक-दोन आठवडे बेचैनी वाढू शकते, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. हा मधला काळ मला सगळ्यात नाजूक वाटतो, कारण ‘गोळीने उलट वाढलं’ म्हणून माणूस पुन्हा ग्लासाकडे वळतो. शिवाय भीतीची गोळी दारूची ओढ कमी करेलच असं नाही. त्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट वेगळं विचारा. पहिल्यासाठी यकृत आणि दुसऱ्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी लागते. भीतीसाठी आणि दारूसाठी दोन वेगळे डॉक्टर असतील तर सगळ्या औषधांची एकच चिठ्ठी दोघांकडे न्या.

मेडिकलमधून अल्प्राझोलाम ही घालमेल शांत करणारी गोळी आणून देऊ नका. मेंदूत दारू जिथे काम करते तिथेच ही गोळी काम करते, तिचीही सवय लागते आणि दारूसोबत घेतली तर श्वास मंदावू शकतो. दारू सोडवताना दवाखान्यात काही दिवस देतात त्या याच जातीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, तिथे देखरेखीखाली डोस उतरवत नेतात.

पुन्हा रोजचं पिणं सुरू झालंच, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जवळ कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.